सकाळी आखडणारे खांदे

६८ वर्षांच्या एका काकू डोळ्यांसमोर आणा. महिन्यापूर्वी घरचं सगळं त्या एकहाती करत होत्या. आता पहाटे कूस बदलायची तर पलंगाचा कठडा धरावा लागतो, वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जात नाहीत आणि खुर्चीतून उठताना खुबे, मांड्या धरून येतात. अकरा वाजेपर्यंत मात्र अंग मोकळं होतं. त्यामुळे घरच्यांना वाटतं, वय झालं, दुसरं काय!

पण वयाचं दुखणं असं पंधरवड्यात दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे एकदम धरत नाही. झिजेचा संधिवात हळूहळू वाढतो. त्यात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सरतो आणि वापराने, जिने चढल्याने दुखणं वाढतं. काकूंचा ताठरपणा पाऊण तासाहून जास्त टिकतो आणि हालचालीने कमी होतो. ही सूज असल्याची खूण.

या दुखण्याचं नाव पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका. ते पन्नाशीनंतरच होतं, सत्तरीच्या आसपास जास्त, बायकांना अधिक. नावाचा अर्थ ‘अनेक स्नायूंचं दुखणं’ असला तरी ते फसवं आहे. स्नायू ठीक असतात. सूज असते सांध्याच्या अस्तरात आणि सांध्याभोवतीच्या द्रवाच्या पिशव्यांत. रक्तात ईएसआर आणि सीआरपी बहुधा वाढलेले सापडतात.

खरा घोळ आमवाताशी होतो. तोही सकाळीच आखडवतो, पण त्याची आवडती जागा म्हणजे बोटांची पेरं आणि मनगटं. मात्र उतारवयात सुरू होणारा आमवात कधीकधी खांद्यांपासूनच सुरुवात करतो. म्हणून आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासतात. हे निगेटिव्ह आले तरी काही महिने हातांवर नजर ठेवावी लागते.

काकूंना प्रेडनिसोलोन रोज १५ मिलिग्रॅम सुरू झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली. या आजारात असा झटपट गुण येणं नेहमीचं, पण तेवढ्यावरून निदान पक्कं होत नाही, कारण स्टिरॉइडने आमवातही निवळतो. आठवड्याभरात फारसा फरक पडला नाही, तर निदान पुन्हा तपासायला हवं.

गुण आला की लोक गोळी बंद करतात, तिथे गाडं अडतं. डोस थोडा थोडा उतरवत बहुधा वर्ष-दोन वर्षं जातात. तेवढ्यात साखर, रक्तदाब आणि हाडं सांभाळावी लागतात.

आणि एक गोष्ट काकूंना बजावून सांगितलेली आहे. कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी, कंगवा लागला तरी दुखणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं किंवा नजर अंधुक होणं, यातलं काहीही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना येणारी सूज या आजाराच्या जोडीने येऊ शकते, आणि तिने गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. त्यासाठी त्याच दिवशी स्टिरॉइडचा बराच मोठा डोस लागतो.