मागच्या वर्षाची विक्री आज का बदलली?

समजा, घरघंट्या विकणारा एक व्यापारी आहे. नाशिक आणि पुणे अशा दोन्ही जिल्ह्यांत त्याचा माल जातो. एका घरघंटीची किंमत 18,000 रुपये. एप्रिल 2022 मध्ये त्याने 2021-22 या वर्षाचा जिल्हावार रिपोर्ट काढून फाइलला लावून ठेवला. त्यात नाशिकची विक्री 42,60,000 रुपये, पुण्याची 58,10,000. जानेवारी 2024 मध्ये काही कामासाठी त्याच वर्षाचा तोच रिपोर्ट पुन्हा काढला, तर नाशिक 41,16,000 आणि पुणे 59,54,000. वर्ष संपून पावणेदोन वर्षं झालेली, जुन्या बिलांना कुणी हातही लावलेला नाही. तरी नाशिकचे 1,44,000 रुपये पुण्याला गेले.

हिशेब लावला तर उलगडा होतो. 1,44,000 म्हणजे बरोबर आठ घरघंट्या. मधल्या काळात नाशिकची आठ कुटुंबं बदलीमुळे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला राहायला गेली. त्यांनी दुकानात फोन करून नवा पत्ता दिला, काउंटरवरच्या मुलाने इमानदारीने जुना खोडून नवा टाकला. त्याचं काम चोख झालं, आणि तिथेच जुना रिपोर्ट बिघडला.

याचं कारण माहिती साठवण्याच्या पद्धतीत आहे. कॉम्प्युटरमध्ये विक्रीचं टेबल वेगळं आणि ग्राहकांचं वेगळं असतं. विक्रीच्या ओळीत तारीख, रक्कम आणि ग्राहक क्रमांक एवढंच. पत्ता ग्राहकाच्या टेबलात, एकदाच. जिल्हावार बेरीज हवी असली की दोन्ही टेबलं ग्राहक क्रमांकावर जोडायची. पण ग्राहकाच्या टेबलाला फक्त आजचा पत्ता माहीत असतो. त्यामुळे 12 मार्च 2022 ला नाशिकच्या घरी पोचवलेली घरघंटी पुण्याच्या खात्यावर मोजली जाते.

ही चूक सहसा सापडत नाही, कारण एकूण बेरीज जुळते. दोन्ही रिपोर्टांत ती 1,00,70,000 रुपयेच येते. हिशेबनीस शेवटचा आकडा ताळेबंदाशी ताडून पाहतो, जुळला की सही करतो. पैसे हरवलेले नसतात, नुसते एका रकान्यातून दुसऱ्यात सरकलेले असतात. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र उलटा होऊ शकतो. 2022-23 मध्ये नाशिकची विक्री 42,00,000 झाली असं धरू, आणि स्थलांतर केलेल्या आठ घरांनी त्या वर्षी काही घेतलं नाही असंही धरू (घरघंटी काही दरवर्षी घेत नाहीत). खरं पाहता नाशिकमध्ये 60,000 रुपयांची घट झाली. पण मागच्या वर्षाचा आकडा आता 41,16,000 दिसत असल्यामुळे रिपोर्ट 84,000 रुपयांची वाढ दाखवतो. नाशिकचा विक्री प्रतिनिधी यावर तक्रार करेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

तपासायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे संपलेल्या वर्षाचा जुना छापील रिपोर्ट शोधायचा, तोच पुन्हा काढायचा आणि जिल्हा-जिल्हा शेजारी ठेवून पाहायचा. बंद झालेल्या वर्षाचे आकडे हलले आणि मागाहून बिलं रद्द झालेली नाहीत, तर संशय पत्त्यांवर घ्यावा.

उपाय जुना आहे. राल्फ किंबॉल यांनी 1996 साली डेटा वेअरहाउसवर लिहिलेल्या पुस्तकात हळूहळू बदलणाऱ्या अशा माहितीचे प्रकार पाडून दाखवले. त्यातला पहिला म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणं; आपल्या दुकानात झालं ते हेच. दुसऱ्या प्रकारात जुनी ओळ तशीच ठेवून नवी ओळ जोडायची, आणि प्रत्येक ओळीवर ती कधीपासून कधीपर्यंत खरी होती ते लिहायचं. म्हणजे ग्राहक 4417 च्या दोन ओळी होतील. नाशिकची ओळ 1 एप्रिल 2019 ला सुरू होऊन 15 जून 2023 ला संपेल. पुण्याची त्याच दिवशी सुरू होईल आणि तिची अखेर 31 डिसेंबर 9999 अशी लिहिली जाईल. मग जोडताना ग्राहक क्रमांकाबरोबर विक्रीची तारीखही विचारायची:

```
SELECT p.zilla, SUM(v.rakkam)
FROM vikri v
JOIN grahak_patta p
  ON p.grahak_id = v.grahak_id
 AND v.tarikh >= p.pasun
 AND v.tarikh <  p.paryant
GROUP BY p.zilla;
```

आता मार्च 2022 ची घरघंटी नाशिकमध्ये मोजली जाईल आणि त्याच बाईंनी ऑगस्ट 2023 मध्ये घेतलेली जाळी पुण्यात. यातली `<` ही खूण नजरचुकीने `<=` झाली, तर 15 जूनची खरेदी दोन्ही ओळींत बसते आणि दोनदा मोजली जाते. ही चूक निदान एकूण बेरीज फुगल्यामुळे उघडकीला येते. 9999 साल विचित्र वाटतं खरं, पण ती जागा कोरी ठेवली तर कोऱ्या तारखेशी तुलना खरी ठरत नाही आणि आजचे सगळे ग्राहकच रिपोर्टातून गळतात. आणखी एक, ग्राहक किती हे मोजताना ओळी मोजायच्या नाहीत, वेगवेगळे क्रमांक मोजायचे.

प्रत्येक बदलाला नवी ओळ द्यायची असंही नाही. ‘सिन्नर’च्या जागी ‘सिनर’ टाइप झालं असेल तर ते सरळ सुधारावं. ग्राहक काही तिथून कुठे गेलेला नाही. म्हणून पत्ता बदलण्याच्या स्क्रीनवर एक प्रश्न हवाच: चूक दुरुस्त करताय की घर बदललंय? घर बदललं असेल तर कधी, हेही विचारायला हवं. लोक जूनमध्ये घर बदलतात आणि ऑगस्टमध्ये कळवतात. फोन आला तो दिवस लिहिला, तर जुलैची खरेदी चुकीच्या जिल्ह्यात जाते.

कधी माणूस जागचा हलत नाही, पण जिल्हा बदलतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून वसई, डहाणू, जव्हारसह आठ तालुके निघून पालघर जिल्हा झाला. वसईच्या ग्राहकाची 2013 ची खरेदी तेव्हाच्या हिशेबाने ठाण्याची. तसं मोजलं तर पुढच्या वर्षांत ठाण्याची विक्री कोसळलेली दिसेल, आणि ते खोटं चित्र असेल. इथे आजचीच हद्द मागच्या वर्षांना लावून तुलना करणं बरोबर. म्हणून रिपोर्टाच्या डोक्यावर ‘विक्रीच्या वेळचा जिल्हा’ की ‘आजचा जिल्हा’ हे छापलेलं असावं. दुरुस्तीला माणूस पाठवायचा, तर अर्थातच आजचाच पत्ता लागतो.

राहता राहिले आधीच पुसले गेलेले पत्ते. ते कॉम्प्युटरमधून परत मिळतील ते जुन्या बॅकअपमधून, तेही बॅकअप घेतलेल्या तारखांपुरतेच. बाकी कागद धुंडाळावे लागतात. बिलावर पत्ता असेलच असं नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बिलावर पत्ता सक्तीचा होतो तो 50,000 रुपयांपासून, आणि आपली घरघंटी 18,000 ची. पण ती टेंपोतून घरी पोचवली असेल तर डिलिव्हरी चलनावर पत्ता असतो, वॉरंटी कार्डाच्या दुकानाकडच्या अर्ध्या भागावरही असतो. जिथे काहीच हाती लागत नाही, तिथे आजचा पत्ता मागे ढकलण्यापेक्षा जिल्ह्याच्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहावं, आणि ती रक्कम रिपोर्टात वेगळ्या ओळीत दाखवावी.