न आलेला कागद कसा शोधायचा?

जुलै उजाडला की घरोघरी प्राप्तिकराची फाईल निघते. फॉर्म 16, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, म्युच्युअल फंडाचा उतारा असं जे हाताला लागेल ते सीएकडे जातं. पण हाताशी असलेल्या कागदांवरून केलेल्या यादीत न आलेला कागद दिसणारच कसा? त्यासाठी यादी उत्पन्नावरून करायला हवी. वर्षभरात पैसे कुठून कुठून आले, ते आधी लिहायचं. मग प्रत्येक ओळीपुढे कागद कोण देणार, मागितला कधी आणि आला का, हे नोंदवायचं.

ही यादी तीन ठिकाणांहून तयार होते. पहिलं म्हणजे गेल्या वर्षीचं विवरणपत्र. त्यात दाखवलेलं प्रत्येक उत्पन्न यंदाही आहे, की बंद झालं? दुसरं, प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. बँका, कंपन्या, फंड यांनी तुमच्या पॅनवर कळवलेले व्यवहार त्यात असतात. तिसरं ठिकाण बहुतेक जण टाळतात, ते म्हणजे सगळ्या बचत खात्यांचं एप्रिल ते मार्चचं स्टेटमेंट. जमेची बाजू सावकाश वाचायची आणि पगार, व्याज, लाभांश, भाडं अशी प्रत्येक जमा यादीतल्या कुठल्या तरी ओळीला जोडायची. जी जोडता येत नाही, तिचा कागद राहिलेला असतो.

फॉर्म 26एएस पाहिला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण तो मुख्यतः कापलेला कर दाखवतो. एका बँकेतलं मुदत ठेवींचं व्याज वर्षाला 50 हजारांच्या आत (ज्येष्ठांना एक लाखाच्या आत) असेल, तर बँक कर कापत नाही आणि तिथे काही दिसत नाही. व्याज मात्र करपात्रच राहतं. राहून जातात ते नेमके असेच, कर न कापलेले पैसे.

याचं सर्वांत महागात पडणारं उदाहरण म्हणजे वर्षाच्या मधे बदललेली नोकरी. समजा, पुण्यातल्या एका मुलीने ऑक्टोबर 2025 मध्ये नोकरी बदलली. पहिल्या कंपनीत सहा महिन्यांचा पगार 6 लाख झाला, दुसरीत साडेसात लाख. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. दोन्ही कंपन्यांनी फक्त आपापला पगार धरला आणि एकीनेही कर कापला नाही. कर कापलेला नसेल तर फॉर्म 16 देणं बंधनकारक नसतं. पहिलीने तो दिलाच नाही, दुसरीने दिला. मुलीच्या दृष्टीने फॉर्म 16 आला, फाईल पूर्ण झाली.

आता त्या फॉर्मवर नोकरीचा कालावधी पाहा: 1 ऑक्टोबर 2025 ते 31 मार्च 2026. आधीच्या सहा महिन्यांचं काय? बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एप्रिलपासून जुन्या कंपनीचा पगार जमा झालेला दिसतोच. दोन्ही मिळून साडेतेरा लाख. 75 हजारांची प्रमाणित वजावट एकदाच मिळते, म्हणून करपात्र उत्पन्न पावणेतेरा लाख. त्यावर कर 71,250 रुपये, आणि चार टक्के उपकर धरून 74,100. आगाऊ कर भरलेला नसल्याने व्याज वेगळं. हे पैसे विवरणपत्रासोबत भरावे लागतात, म्हणून ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कळणं फार वाईट. नवीन नोकरीत रुजू होतानाच फॉर्म 12बीमध्ये आधीचा पगार कळवला असता, तर कर दरमहा थोडाथोडा कापला गेला असता.

एआयएसलाही मर्यादा आहेत. गावातल्या छोट्या पतसंस्थेचं व्याज किंवा भाडेकरूने दिलेलं भाडं त्यात असेलच असं नाही. उलट एकच व्यवहार कधी दोनदाही येतो. चुकीच्या नोंदीवर तिथेच प्रतिसाद नोंदवता येतो, तो नोंदवा. शिवाय हे विवरण फार लवकर उघडू नका. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण कंपन्या आणि बँका 31 मेपर्यंत भरतात आणि पगाराचा फॉर्म 16 मिळण्याची मुदत 15 जून आहे. म्हणून यादी मे महिन्यात करा, पण एआयएसशी ताडून पाहायचं काम जूनच्या उत्तरार्धात करा. मग उरलेले कागद मागायला महिनाभर मिळतो.

जुनी कंपनी उत्तरच देत नसेल, तर पगाराच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट यांवरून आकडा काढून विवरणपत्र भरता येतं. सोबत कागद जोडायचे नसतात, पण विचारणा झाली तर दाखवावे लागतात, म्हणून ते जपून ठेवा. फॉर्म 16 आला नाही म्हणून पगारदारांसाठीची 31 जुलैची मुदत पुढे जात नाही. ती हुकली, तर विलंब शुल्क 5 हजार रुपये आहे, आणि एकूण उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर एक हजार.