धडा कळला, पण इयत्ता कोणती?

‘गुरुत्वाकर्षण या धड्यावर दहा प्रश्न काढून द्या, उद्या चाचणी आहे.’ शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांच्या फोनवर असे निरोप नेहमी येतात. पाठवणाऱ्याला त्यात काही राहून गेलंय असं वाटत नाही. त्याच्यासमोर पुस्तक उघडं असतं, शेजारी मूल बसलेलं असतं, त्यामुळे इयत्ता, मंडळ, माध्यम हे सगळं त्याच्या दृष्टीने उघडच असतं. निरोप वाचणाऱ्याच्या हाती मात्र फक्त धड्याचं नाव पडतं. मजकूर नाही आणि इयत्ताही नाही.

मजकूर नसला तरी गुरुत्वाकर्षण कुठं बदलतं, असं म्हणून पटकन दहा प्रश्न लिहून देणारेही असतात. गुरुत्वाकर्षण बदलत नाही हे खरंच. धडा मात्र बदलतो, आणि बराच बदलतो.

महाराष्ट्रात या नावाचे धडे निदान तीन ठिकाणी भेटतात. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ या पुस्तकात गुरुत्वाकर्षण हा पहिलाच धडा आहे. एनसीईआरटीच्या, बरीच वर्षं चाललेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात याच नावाचा धडा आहे. अकरावीच्या भौतिकशास्त्रात तर राज्य मंडळाच्या आणि एनसीईआरटीच्या अशा दोन्ही पुस्तकांत तो आहे. धड्याचा क्रमांक सांगितला तरी खात्री होत नाही. एनसीईआरटीने अभ्यासक्रम कमी केला तेव्हा नववीतला दहावा धडा नववा झाला आणि अकरावीतला आठवा सातवा झाला. जुनं पुस्तक वापरणारा आणि नवं वापरणारा एकाच धड्याला वेगवेगळे क्रमांक देतात.

आता आत काय आहे ते पाहू. बालभारतीचा दहावीचा धडा केप्लरच्या तीन नियमांपासून न्यूटनच्या वैश्विक नियमाकडे जातो. पुढे g चं मूल्य उंचीनुसार आणि खोलीनुसार कसं बदलतं, मुक्तपतन, वस्तुमान आणि वजन, मुक्तिवेग आणि अवकाशातली वजनरहित अवस्था हे सगळं येतं. मुक्तिवेगाचं सूत्र ऊर्जेच्या हिशेबाने काढून दाखवलेलं आहे. एनसीईआरटीच्या नववीत मुक्तिवेग नाही. त्याऐवजी धड्याच्या उत्तरार्धात दाब, प्लावक बल आणि आर्किमिडीजचं तत्त्व आहे. राज्य मंडळाच्या मुलाला आर्किमिडीज आठवीतच, बल आणि दाब शिकताना भेटलेला असतो. म्हणजे दहावीचं पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून काढलेले प्रश्न केंद्रीय मंडळाच्या नववीच्या मुलाकडे गेले, तर मुक्तिवेगाचे प्रश्न त्याच्यासाठी परके ठरतात आणि ज्या आर्किमिडीजवर त्याची अर्धी चाचणी असते त्यावर एकही प्रश्न नसतो.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे, कारण ती प्रश्नाच्या विषयात नसून काठिण्यपातळीत असते. एकच प्रश्न घेऊन पाहता येईल: ‘पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ६४०० किलोमीटर उंचीवर g चं मूल्य किती?’ ही उंची जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतकीच आहे. दहावीच्या मुलाला g = GM/r² हे सूत्र माहीत असतं. केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं म्हणजे g चौथा हिस्सा, ९.८ ला चारने भागलं की २.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन ओळींत उत्तर निघतं आणि अंतराच्या वर्गाचा परिणाम त्याला कळलाय की नाही हेही दिसतं. उंची आणि केंद्रापासूनचं अंतर यांत गल्लत करणारा मुलगा r च्या जागी ६४०० घालून ९.८ असंच उत्तर देतो, म्हणजे चूक कुठे झाली तेही कळतं.

हाच प्रश्न अकरावीत गेला की त्याचं रूप बदलतं. तिथे विद्यार्थ्याकडे आणखी एक सूत्र असतं, g(1 − 2h/R). ते फक्त उंची त्रिज्येच्या मानाने फार कमी असतानाच चालतं. सवयीने तेच वापरणाऱ्याला कंसात उणे एक मिळतं आणि g चं उत्तर उणे ९.८ येतं, जणू त्या उंचीवर वस्तू पृथ्वीपासून दूर पडते आहे. त्यामुळे अकरावीच्या बहुपर्यायी प्रश्नात उणे ९.८ हा चुकीचा पर्याय मुद्दाम ठेवण्यासारखा आहे. ज्याने सूत्राची मर्यादा लक्षात ठेवली नाही तो त्यावर बोट ठेवतो. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत तोच पर्याय वाया जातो, कारण तिथे त्या वाटेने कुणी जाणारच नाही. नववीत बहुतेक गणितं पृष्ठभागाजवळची आणि g स्थिर धरून केलेली असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न सरावाचा न राहता डोकं खाजवायला लावणारा होतो.

पृथ्वीच्या केंद्राशी g किती, या प्रश्नाचीही हीच गत. उत्तर सगळीकडे शून्यच. दहावीत ते शब्दांत समजावून सांगायचं असतं: खोल जाताना केंद्रापासूनचं अंतर कमी होतं, पण ओढणाऱ्या भागाचं वस्तुमानही कमी होतं. अकरावीत खोलीचं सूत्र सिद्ध करून त्यात d = R घालायचं असतं. दहावीच्या मुलाकडे सिद्धता मागितली तर तो अडतो. अकरावीच्या मुलीने दोन वाक्यांत उत्तर दिलं तर तिचे गुण जातात. प्रश्नाचे शब्द एकच राहतात, उत्तरपत्रिकेचा नमुना मात्र वेगळा होतो.

आणि मग आकडे. २० मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकलेला चेंडू किती उंच जाईल? g ९.८ घेतला तर सुमारे २०.४ मीटर, १० घेतला तर नेमके २० मीटर. दोन्ही पद्धती शाळांत चालतात. कुठल्या पुस्तकातून शिकलं जातंय ते माहीत नसेल तर प्रश्नातच ‘g = 9.8 घ्या’ किंवा ‘g = 10 घ्या’ असं लिहावं लागतं. नाहीतर मूल बरोबर गणित करतं, उत्तरसूचीशी जुळत नाही म्हणून खोडतं आणि पुन्हा करतं.

अनुभवी शिक्षक अशा निरोपाला सहसा आधी एकच प्रश्न परत पाठवतात: कितवी, आणि कुठलं मंडळ? मजकूर नंतर मागतात. यामागे साधा हिशेब आहे. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत उघडून पाहता येतात. इयत्ता आणि मंडळ कळलं की धडा दोन मिनिटांत सापडतो. उलट इयत्ता कळली नाही तर कुठलं पुस्तक उघडायचं तेच कळत नाही.

उत्तर येईपर्यंत निरोपातूनही काही खुणा मिळतात. ‘धडा पहिला’ असं लिहिलं असेल आणि जून महिना असेल तर बहुधा राज्य मंडळाची दहावी. ‘मुक्तिवेग’ हा शब्द असेल तर मराठी माध्यम. ‘एस्केप व्हेलॉसिटी’ असेल तर सेमी-इंग्रजीची दहावी किंवा अकरावी. खुणा फसवतातही, म्हणून त्यांच्यावर एखादा अंदाज बांधावा, अख्खी चाचणी बांधू नये.

कधी उत्तर येतच नाही आणि चाचणी खरोखरच उद्या असते. तेव्हा तिन्ही धड्यांत समान असलेल्या भागावर प्रश्न काढणं हाच सुरक्षित मार्ग उरतो. वैश्विक नियम, G आणि g मधला फरक, मुक्तपतन, वस्तुमान आणि वजन हे मुद्दे नववीपासून अकरावीपर्यंत कुठेही चालतात. उदाहरणार्थ, ‘६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचं चंद्रावर वजन किती?’ या प्रश्नाला चार पर्याय असे देता येतात: १० किलोग्रॅम, ६० किलोग्रॅम, ९८ न्यूटन, ५८८ न्यूटन. चंद्रावर g पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश, म्हणून बरोबर उत्तर ९८ न्यूटन. १० किलोग्रॅम निवडणाऱ्याने सहाने भागलं, पण वस्तुमानालाच भागलं. ६० निवडणाऱ्याला वजन आणि वस्तुमान एकच वाटतं. ५८८ वाल्याने पृथ्वीवरचं वजन बरोबर काढलं, पण चंद्र विसरला. तीन चुकीचे पर्याय तीन वेगवेगळे गैरसमज दाखवतात, आणि त्यासाठी पुस्तकातलं एकही वाक्य लागत नाही. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच ठिकाणी क्षणभर थांबतो तेव्हा त्याचं त्वरण किती, हाही असाच प्रश्न. शून्य म्हणणारे बरेच निघतात. खरं उत्तर खाली दिशेने ९.८.

असा संच पाठवताना वर दोन ओळी लिहिल्या जातात: ‘इयत्ता कळली नाही, म्हणून समान भागावर सात प्रश्न दिले आहेत. शेवटचे तीन केप्लर आणि मुक्तिवेगावर आहेत, राज्य मंडळाची दहावी असेल तरच सोडवा.’ पालकाला नको ते गाळता येतं आणि काय राहिलं तेही कळतं. पुस्तकाच्या स्वाध्यायातले प्रश्न मात्र आठवणीवर विसंबून ‘स्वाध्यायातला’ म्हणून देऊ नयेत. दहावीच्या या धड्याच्या स्वाध्यायात जोड्या लावायचा एक तक्ता आहे. त्यात वस्तुमान, वजन, g आणि G यांची एककं आणि गुणधर्म जुळवायचे असतात. असा तक्ता आठवणीतून लिहिताना एखादी ओळ इकडची तिकडे झाली तर मूल चुकीचीच जोडी पाठ करतं.

भाषेच्या पुस्तकात हा सगळा हिशेब उलटा होतो. तिथे इयत्ता कळूनही भागत नाही. एखाद्या कथेवर प्रश्न काढायचे तर कोणतं पात्र काय म्हणालं, कुठल्या परिच्छेदात काय घडलं, पुस्तकासाठी संपादित करताना कोणता भाग वगळला, हे मजकुराशिवाय कळत नाही. मूळ पुस्तकात असलेला प्रसंग पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यात नसतो. लेखकाचं मूळ पुस्तक वाचलेला शिक्षक नेमका त्याच प्रसंगावर प्रश्न काढतो आणि मुलांना तो कधी दिसलेलाच नसतो. आकलनाच्या प्रश्नांसाठी म्हणूनच उताऱ्याच्या पानांचा फोटो आधी मागवावा लागतो. विज्ञानाच्या शिक्षकाचं मात्र ‘दहावी, राज्य मंडळ’ एवढ्या तीन शब्दांवर काम सुरू होतं.