व्हिसासाठी नोकरीचा दाखला : विनंतिपत्र कसे लिहावे?

विनंतिपत्र आपण मुलांना शिकवतो, पण स्वतःवर वेळ आली की "साहेब, एक लेटर हवं होतं" एवढंच तोंडी सांगून मोकळे होतो. मग ऑफिसातून मिळतो तो दोन ओळींचा दाखला : 'सदर शिक्षिका आमच्या शाळेत कार्यरत आहेत.' व्हिसासाठी तो पुरत नाही.

समजा, एक शिक्षिका मे महिन्यात मुलीकडे ब्रिटनला जाणार आहेत. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दोन गोष्टी पटायला हव्यात : खर्च परवडतो आणि सुट्टी संपल्यावर बाई परत येणार. म्हणून दाखल्यात पद, रुजू दिनांक, पगार आणि मंजूर रजा हे सगळं हवं. ते विनंतिपत्रातच मागावं.

दिनांक : १० मार्च
प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय : व्हिसासाठी नोकरीचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,
मी आपल्या शाळेत १३ जून २०११ पासून सहशिक्षिका म्हणून कार्यरत आहे. मुलीला भेटण्यासाठी ५ मे ते २८ मे या काळात ब्रिटनला जाण्याकरिता मला व्हिसाचा अर्ज करायचा आहे. तरी माझे पद, रुजू दिनांक, एकूण व निव्वळ मासिक वेतन, मंजूर रजा आणि त्यानंतर मी कामावर हजर होणार असल्याचा उल्लेख असलेला इंग्रजी दाखला शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह व संपर्क क्रमांकासह २० मार्चपर्यंत मिळावा, ही विनंती. सोबत पासपोर्टची प्रत व रजेचा अर्ज जोडला आहे.

आपली विश्वासू,
अ. ब. क.

यातल्या दोन बाबी नीट समजून घ्या. पहिली, पगार. एकूण वेतन ६८,४०० रुपये आणि कपात ९,२५० रुपये असेल, तर बँकेत ५९,१५० रुपयेच जमा होतात. दाखल्यात फक्त पहिला आकडा असला, तर तो पासबुकाशी जुळत नाही आणि शंका येते. म्हणून दोन्ही आकडे मागितले.

दुसरी, नाव. आपल्याकडे सेवापुस्तकात माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, असं बरेचदा असतं. दाखल्यात पासपोर्टप्रमाणे नाव हवं. सेवापुस्तकातलं नाव वेगळं असेल, तर तेही लिहून दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं नमूद करून घ्यावं. पासपोर्टची प्रत जोडायची ती यासाठीच.

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो. त्यामुळे दाखला वर्षभर आधी घेऊन ठेवू नये, तो ताजा असावा. हातात पडल्यावर तारखा, आकडे आणि नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा, कारण दुरुस्ती शाळेतच होऊ शकते, व्हिसा केंद्रात नाही.

वर्गात हाच नमुना देऊन मुलांना विचारा : यातली कोणती माहिती गाळली तर काम अडेल?