पदार्थ उठले, काटे-चमचे आले

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमधल्या बड्या घरी जेवायला गेलेल्या पाहुण्याच्या नजरेत आधी भरायचे ते पदार्थ. सूपाची मोठाली भांडी, भाजलेली कोंबडी, मासे, चटकदार रस्से हे सगळं एकाच वेळी टेबलावर मांडलेलं असे, तेही आरशात पाहावं तसं दोन्ही बाजूंना सारखं. पाहुण्यांनी हाताच्या अंतरावर जे असेल ते घ्यायचं. टेबलाच्या पलीकडच्या टोकाचा पदार्थ आवडीचा असला, तरी तो नशिबात असेलच असं नाही. शिवाय सगळ्यांनी बसून हात पुढे करेपर्यंत निम्मं जेवण गार झालेलं. टेबल पदार्थांनीच भरलेलं असल्यामुळे ग्लासांना तिथे जागा नसे. ते बाजूच्या कपाटावर असत. तहान लागली की नोकराला खूण करायची, तो ग्लास भरून आणायचा, आणि पिऊन झालं की परत न्यायचा. माणसागणिक एक सुरी, एक काटा, एक चमचा एवढ्यावर भागायचं.

ही फ्रेंच पद्धत. तिला शह देणारी पद्धत रशियाकडून आली. पॅरिसमधला रशियन राजदूत अलेक्झांडर कुराकिन याने 1810च्या सुमारास ती तिथे दाखवली असं सहसा सांगितलं जातं. पण ती रुजायला पुढची पन्नास वर्षं गेली, आणि तिचा मोठा पुरस्कर्ता ठरला उर्बें द्युब्वा हा फ्रेंच बल्लवाचार्य. पद्धत साधी होती. मांस स्वयंपाकघराच्या बाजूलाच कापायचं, एका वेळी एकच पदार्थ गरमागरम आणायचा, आणि नोकराने तो प्रत्येकासमोर फिरवायचा. पाहुण्याने तो खाल्ला की ताटली उठली, आणि पुढचा पदार्थ आला.

याने टेबल रिकामं झालं. त्या रिकाम्या जागेत फुलं आली, मेणबत्त्यांची झाडं आली, आणि आज ज्याला आपण औपचारिक मांडणी म्हणतो ती जन्माला आली. येणारे पदार्थ आता दिसत नव्हते, म्हणून त्यांची हत्यारं आधीच मांडून ठेवायची. आपल्या पानात चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे, तशी इथेही डावी-उजवी बाजू ठरली. फरक एवढाच, की इथे बाजू पदार्थांना नाही, त्यांच्या हत्यारांना.

सूप, मासा, मांस आणि गोड अशा चार टप्प्यांच्या जेवणाचं उदाहरण घेऊ. ताटलीच्या उजवीकडे, तिला सगळ्यात जवळची मांसाची सुरी, तिच्या बाहेर माशाची सुरी, आणि त्याहून बाहेर सूपचा चमचा. सुऱ्यांची पाती ताटलीकडे वळलेली. डावीकडे जवळ मांसाचा काटा आणि बाहेर माशाचा. सगळ्यांची खालची टोकं एका रेषेत, टेबलाच्या कडेपासून साधारण अडीच सेंटीमीटर आत. गोडाचा चमचा आणि काटा ताटलीच्या वर आडवे ठेवतात. चमच्याची मूठ उजवीकडे, काट्याची डावीकडे, म्हणजे ज्या हाताने उचलायचं त्याच दिशेला. खाणाऱ्याने बाहेरून आत यायचं. शिंपले असतील तर त्यांचा चिमुकला काटा मात्र उजवीकडे जातो; काट्यांपैकी ही मुभा फक्त त्याला.

माशाला वेगळी सुरी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर रसायनात आहे. त्या काळच्या पोलादी पात्यावर लिंबाचा रस पडला की ते काळवंडे आणि माशाला धातूची चव येई. म्हणून चांदीचं पातं. 1840मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं, आणि अशी सुरी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जुन्या चांदीवर जेवणाऱ्या खानदानांनी तिच्याकडे नाक मुरडलं, हा त्यातला गमतीचा भाग. 1913मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने गंज न चढणारं पोलाद तयार केलं आणि मूळ कारणच संपलं. सुरी मात्र टिकली. एकदा टेबलावर आलेली वस्तू सहजासहजी उठत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे या उत्साहाचा अतिरेकही झाला. अमेरिकेत चांदीच्या एकेका नक्षीत शंभराहून अधिक तऱ्हेचे काटे-चमचे विकले जात. सार्डिनसाठी वेगळा काटा, आइस्क्रीमसाठी वेगळा. आज जाणकार एका वेळी तीनहून जास्त सुऱ्या किंवा काटे मांडत नाहीत. चौथा लागलाच तर त्याच्या पदार्थाबरोबर येतो.

ग्लासही एकोणिसाव्या शतकातच टेबलावर उतरले. पाण्याचा ग्लास मांसाच्या सुरीच्या टोकाशी, आणि त्याच्या उजवीकडे खाली उतरत वाइनचे. माशाबरोबरची पांढरी वाइन आधी येते, म्हणून तिचा ग्लास हाताच्या सगळ्यात जवळ. लाल वाइनचा त्याच्या आत.

नॅपकिनचा प्रवास मात्र उलटा. मात्तिया गीगरने पादुआमध्ये 1629 साली छापलेल्या पुस्तकात कापडाच्या घड्यांतून पक्षी, मासे आणि जहाजं घडवण्याच्या आकृत्या आहेत. ती टेबलाची शोभा होती. व्हिक्टोरियन काळात घडीला काम मिळालं: तिच्या पोटात पावाचा गोळा ठेवत. आता कल साध्या घडीकडे आहे, आणि तो योग्यच. जितकी घडी गुंतागुंतीची तितकी बोटं त्या कापडाला लागलेली, आणि तेच कापड पुढे ओठांना लागणार.

मांडणीपेक्षा अवघड आहे ते उचलणं. नोकर थाळ घेऊन डावीकडून यायचा, कारण पाहुणा उजव्या हाताने स्वतः वाढून घ्यायचा. उष्टी ताटली उजवीकडून उचलायची. आता ताटल्या आतूनच भरून येतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्या ठेवतातही उजवीकडूनच. टेबलावरच्या सगळ्यांचं संपल्याशिवाय एकाचीही ताटली हलवायची नाही. सुरी-काटा शेजारी शेजारी, समांतर ठेवले असतील तर संपलं असं समजायचं. ताटल्या पाहुण्यासमोर एकावर एक रचायच्या नाहीत. प्रत्येक टप्प्याबरोबर त्याची हत्यारं जातात, म्हणून चूक लगेच कळते: मासा उठला आणि त्याचा काटा जागीच राहिला, तर पाहुण्याने मांसाचा वापरला आहे. चांगला वाढपी काही बोलत नाही. राहिलेला काटा उचलतो आणि नवा मांसाचा काटा ठेवतो. गोड येण्याआधी मीठ-मिरी, पावाची ताटली सगळं उठतं, चुरा झाडला जातो, आणि आडवे ठेवलेले चमचा-काटा खाली दोन बाजूंना सरकवले जातात.

या शिस्तीचं सगळ्यात काटेकोर रूप आज बकिंगहॅम राजवाड्याच्या शाही मेजवानीत दिसतं. तिथे माणसामागे सुमारे 46 सेंटीमीटर जागा पट्टीने मोजतात, सहा ग्लास मांडतात, नॅपकिन डच टोपीच्या घडीत ठेवतात, आणि सगळे वाढपी एकाच वेळी निघावेत म्हणून लपवलेल्या रंगीत दिव्यांची खूण वापरतात.

या इतिहासात मराठी घराण्याची एक खास भर आहे. जेवण उठल्यावर इंग्रजी रिवाजाप्रमाणे पोर्ट वाइनची सुरई हातोहात डावीकडे फिरते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी हातांचं हे काम रुळांवर सोपवलं. त्यांच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी सुरया आणि सिगार घेऊन फिरायची. सुरई उचलली की ती थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात ती रुळांसकट पाहायला मिळते.