ऑफिस हलतंय, पण कोणाला काय सांगायचं?

समजा, पुण्यात कारखान्यांना पॅकिंगचे खोके पुरवणारी एक कंपनी आहे. तिचं ऑफिस आणि गोदाम शिवाजीनगरहून भोसरीला हलणार आहे. शुक्रवार ३१ जुलै आणि शनिवार १ ऑगस्टला सामान हलेल, सोमवारी, ३ ऑगस्टला नव्या जागेत काम सुरू होईल. बातमी एवढीच. पण ती तीन जणांना सांगायची आहे: कर्मचाऱ्यांना, ग्राहकांना आणि वेबसाइटवर येणाऱ्या कुणाही माणसाला. बहुतेक ठिकाणी एकच मजकूर तयार होतो आणि तोच तिन्हीकडे चिकटवला जातो. गडबड तिथूनच सुरू होते.

कर्मचाऱ्याला ऑफिस का हललं यापेक्षा शुक्रवारी काय करायचं आणि सोमवारी कुठे हजर व्हायचं, याची काळजी असते. म्हणून परिपत्रकात आज्ञार्थी थाट शोभतो: ‘प्रत्येक विभागाने कागदपत्रांच्या खोक्यांवर विभागाचे नाव व क्रमांक लिहून ते गुरुवार, ३० जुलै रोजी सायंकाळी ५ पर्यंत गोदामात जमा करावेत. संगणकाच्या तारा स्वतः काढू नयेत.’ वर क्रमांक, दिनांक, विषय; खाली सही आणि शंका विचारायला एका माणसाचं नाव. येण्याजाण्याची सोय काय, बस कुठून सुटणार, हे दुसऱ्याच परिच्छेदात हवं. ते तळाशी ढकललं की परिपत्रक निघाल्यावर दिवसभर तोच एक प्रश्न विचारला जातो.

हेच परिपत्रक ग्राहकाला पुढे ढकललं तर? ‘सर्वांनी नवीन पत्त्याची नोंद घ्यावी’ हे वाक्य कर्मचाऱ्याला खटकत नाही; पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र ते हुकूम वाटतं. शिवाय ‘भाडे परवडत नसल्याने’ असली घरातली गोष्ट बाहेर जाते, ती वेगळीच.

ग्राहकाच्या ईमेलमध्ये त्याचं काय अडणार आणि काय अडणार नाही, हे आधी यावं. तो मजकूर असा होऊ शकतो:

‘सप्रेम नमस्कार. सोमवार, ३ ऑगस्टपासून आमचे कार्यालय व गोदाम भोसरी येथे सुरू होत आहे. ३१ जुलै व १ ऑगस्ट रोजी माल पाठवता येणार नाही. त्या दोन दिवसांत माल लागणार असल्यास मागणी कृपया २८ जुलैपर्यंत कळवावी, म्हणजे तो आधीच पोहोचवता येईल. आमचे दूरध्वनी क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि बँक खाते तेच आहे.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. पत्ता त्याच राज्यात बदलला तर जीएसटी क्रमांक तोच राहतो. मात्र नोंदणीतला पत्ता बदलण्यासाठी १५ दिवसांत अर्ज करावा लागतो. त्यामुळे ग्राहकाच्या हिशेब विभागाला बिलावर नवा पत्ता कधीपासून दिसेल, हेही ईमेलमध्ये सांगून टाकावं. बँक खात्याचा उल्लेख तर विसरूच नये. ‘आमचं खाते बदललं आहे, आता पैसे इथे भरा’ अशा बनावट ईमेलने फसवणूक करणाऱ्यांना स्थलांतर म्हणजे आयतंच निमित्त. तेव्हा ‘असा ईमेल आल्यास पैसे भरण्यापूर्वी आमच्या जुन्याच क्रमांकावर फोन करून खात्री करावी’ ही ओळ घालावी. सगळ्या ग्राहकांचे पत्तेही बीसीसीमध्ये टाकावेत, नाहीतर आपली अख्खी ग्राहकयादी प्रत्येकाच्या हाती पडते.

वेबसाइटवरच्या सूचनेचा वाचक अनोळखी असतो आणि तो कधी येईल याचाही नेम नसतो. तिथे ‘उद्यापासून’ किंवा ‘येत्या सोमवारी’ लिहिलं तर ते दुसऱ्या दिवशीच खोटं पडतं. पूर्ण तारीख हवी, नमस्कार नको, आभार नकोत:

‘३ ऑगस्टपासून आमचे कार्यालय व गोदाम भोसरी येथे. ३१ जुलै व १ ऑगस्ट रोजी काम बंद. दूरध्वनी पूर्वीचेच.’

खाली पूर्ण पत्ता आणि नकाशाची लिंक, बस्स. अनेक कंपन्या लेटरहेडवरच्या पत्राचा फोटोच वेबसाइटवर चढवतात. त्यातला पत्ता मोबाइलवर सहज कॉपी होत नाही आणि अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरलाही तो सहसा वाचता येत नाही. सूचना लावताना पानाच्या तळाचा जुना पत्ता आणि गूगल मॅप्सवरची खूण कोण व कधी बदलणार, तेही ठरवावं. नाहीतर ट्रकवाला ऑगस्टभर शिवाजीनगरात भोंगा वाजवत उभा राहतो.

क्रमही महत्त्वाचा. परिपत्रक आधी निघावं, कारण ईमेल वाचून ग्राहक फोन करतो तो स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्यालाच. त्याला काही माहीत नसेल तर कंपनीचं हसं होतं. त्यानंतर ईमेल आणि वेबसाइट एकाच दिवशी.

आणि सामान हलवणं आठवडाभर लांबलं, तर तिन्ही मजकूर त्याच दिवशी बदलावेत. ग्राहकांना दुसरा ईमेल पाठवताना विषयाच्या ओळीतच जुनी तारीख रद्द झाल्याचं लिहावं: ‘३ ऑगस्टऐवजी १० ऑगस्ट’.