शेवटची पायरी आधी रिकामी

रासायनिक समीकरण संतुलित करणे म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे होतील अशा बेताने सूत्रांच्या आधी अंक लिहिणे. या अंकांना सहगुणक म्हणतात. अभिक्रियेत अणू नव्याने तयार होत नाहीत आणि नष्टही होत नाहीत, म्हणून दोन्हीकडची मोजणी जुळलीच पाहिजे. नियम एवढाच आहे. तरीही फळ्यावर सोडवलेले समीकरण पूर्ण समजलेला विद्यार्थी घरी पुढचे समीकरण समोर आले की अडतो. दुसऱ्याने सोडवलेले पाहणे आणि स्वतः कोऱ्या कागदापासून सुरुवात करणे यांच्यामध्ये बरेच अंतर असते, आणि बहुतेक वह्यांत ते एकाच उडीत पार करायला सांगितलेले असते.

हे अंतर टप्प्याटप्प्याने पार करता येते. जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणिताच्या संदर्भात दाखवले, की नवशिक्याला सुरुवातीलाच गणिते सोडवायला लावण्यापेक्षा पूर्ण सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिल्यास अधिक फायदा होतो. अनोळखी गणित सोडवताना सगळे लक्ष उत्तर शोधण्यात खर्च होते आणि रीत लक्षात ठेवायला काही उरत नाही. पुढे जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठाचे अलेक्झांडर रेन्कल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवलेल्या उदाहरणातून एकेक पायरी काढत जाण्याची पद्धत तपासली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत पायऱ्या शेवटाकडून काढणे अधिक लाभाचे दिसले. समीकरणांसाठी ही पद्धत फार सोयीची आहे, कारण इथे पायऱ्यांचा क्रम पक्का ठरवता येतो.

हायड्रोकार्बनच्या ज्वलनाची समीकरणे त्यासाठी उत्तम. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असणारा प्रोपेन वायू पुरेशा ऑक्सिजनमध्ये जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. हे पहिले उदाहरण पूर्ण सोडवून द्यायचे.

C₃H₈ + O₂ → CO₂ + H₂O

आधी कार्बन. डावीकडे 3 अणू आहेत, म्हणून उजवीकडे 3CO₂. मग हायड्रोजन. डावीकडे 8 अणू आहेत आणि पाण्याच्या एका रेणूत 2, म्हणून 4H₂O. ऑक्सिजन शेवटी. उजवीकडे कार्बन डायऑक्साइडमध्ये 6 आणि पाण्यात 4 असे 10 अणू झाले, म्हणून डावीकडे 5O₂.

C₃H₈ + 5O₂ → 3CO₂ + 4H₂O

ऑक्सिजन शेवटी का, हे उदाहरणाशेजारीच लिहायला हवे. डावीकडे तो मूलद्रव्याच्या रूपात एकटा आहे. त्याचा सहगुणक कितीही बदलला तरी कार्बन आणि हायड्रोजन यांची आधी जुळलेली मोजणी बिघडत नाही. हे कारण न कळता पाठ केलेला क्रम वेगळे समीकरण आले की निरुपयोगी ठरतो.

दुसरे उदाहरण पेंटेनचे. त्यात कार्बन आणि हायड्रोजन जुळवून द्यायचे आणि ऑक्सिजनची जागा रिकामी ठेवायची.

C₅H₁₂ + __O₂ → 5CO₂ + 6H₂O

विद्यार्थ्याला उजवीकडचे 10 आणि 6 असे 16 अणू मोजून 8 लिहायचे आहेत. रिकामी जागा शेवटाकडून सुरू करण्याचा फायदा इथे दिसतो. आधीचे सगळे काम समोर लिहिलेले आहे, भरायची पायरी एकच आहे आणि ती भरताच समीकरण पूर्ण होते. तोच पहिली पायरी रिकामी ठेवली आणि तिथे चूक झाली, तर ती पुढच्या सगळ्या मोजणीत उतरते. शिक्षकालाही याचा उपयोग होतो. जागा एकच असल्यामुळे चुकीचे उत्तर नेमके कुठे अडले ते सांगते. 8 ऐवजी 16 आले, तर O₂ मध्ये दोन अणू असतात हे सुटले. 5 आले, तर पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा राहिला.

तिसरे उदाहरण ब्युटेनचे, आणि ते पुन्हा पूर्ण सोडवून द्यायचे. इथे उलटे पाऊल टाकल्यासारखे वाटेल, पण ब्युटेनमध्ये नवी अडचण येते. 4CO₂ आणि 5H₂O लिहिल्यावर उजवीकडे ऑक्सिजनचे 13 अणू होतात आणि डावीकडे साडेसहा रेणू लागतात. सहगुणक पूर्णांकात लिहायचे असल्याने सगळ्या समीकरणाची दुप्पट करावी लागते.

2C₄H₁₀ + 13O₂ → 8CO₂ + 10H₂O

नवी अडचण आणि नवी रिकामी जागा एकाच वेळी देऊ नये. घाईत बनवलेल्या सरावसंचांत हाच दोष सर्वाधिक आढळतो, आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो. विषम संख्येशी अडलेला विद्यार्थी ऑक्सिजन जुळवण्यासाठी H₂O चे H₂O₂ करून टाकतो. अंक जुळतात, पण पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड येते, म्हणजे पदार्थच बदलतो. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: उत्तरातले प्रत्येक सूत्र मूळ समीकरणातल्या सूत्राशी ताडून पाहावे. बदल फक्त सूत्राच्या आधीच्या अंकात झालेला असला पाहिजे.

आता इथेनमध्ये फक्त कार्बन जुळवून द्यावा आणि पुढचे सगळे विद्यार्थ्याने करावे.

C₂H₆ + __O₂ → 2CO₂ + __H₂O

हायड्रोजनसाठी 3, ऑक्सिजनसाठी साडेतीन, आणि दुप्पट केल्यावर 2, 7, 4, 6 असे सहगुणक मिळतात. दुप्पट करताना इथेनच्या आधी 2 लिहायचे राहून जाते. शेवटी दोन्हीकडचे कार्बन पुन्हा मोजले, तर 2 आणि 4 असा फरक दिसून चूक सापडते. यानंतर हेक्झेनचे समीकरण एकही सहगुणक न देता सोडवायला द्यावे.

इथेनॉलला मात्र आणखी एक पूर्ण उदाहरण लागते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजनचा एक अणू असतो.

C₂H₅OH + 3O₂ → 2CO₂ + 3H₂O

उजवीकडे 7 अणू आहेत, त्यांतला एक इथेनॉलकडून येतो आणि उरलेल्या 6 अणूंसाठी 3O₂ लागतात. हा एक अणू वजा करायचा राहिला तर डावीकडे साडेतीन येतात.

हा क्रम सगळ्यांनी सारख्या गतीने चालण्याची गरज नाही. पेंटेनची जागा क्षणात भरून कारणही सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी सोडवलेली उदाहरणे दिली तर ती अडथळा ठरतात. स्लावा काल्युगा आणि स्वेलर यांच्या संशोधनात हे स्पष्ट झाले आहे. अशा विद्यार्थ्याने थेट कोऱ्या समीकरणाकडे जावे. उलट सलग दोनदा एकाच पायरीवर अडणाऱ्याला एक टप्पा मागे आणावे. शिवाय कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हा क्रम ज्वलनापुरताच आहे. आम्लयुक्त परमँगनेटच्या अभिक्रियेत अणूंबरोबर विद्युतप्रभारही जुळवावा लागतो. तिथे ऑक्सिडीकरण-क्षपणाची वेगळी रीत आणि तिच्यासाठी वेगळी उदाहरणमाला लागते.

वाचकाने आता प्रोपेनॉलच्या, म्हणजे C₃H₇OH च्या, पूर्ण ज्वलनाचे समीकरण वर न पाहता सोडवावे. उत्तर बरोबर असेल आणि सगळे सहगुणक पूर्णांकात, शक्य तितके लहान असतील, तर दोन्ही बाजूंना ऑक्सिजनचे 20 अणू भरतील.